पाठवलं हसू, पोचले दात

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बिलबुकं आणि अलीकडे सगळ्यात जास्त म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. मागच्या हंगामात खानापूरकडचा एक पोरगा मित्राच्या फ्लेक्सचा मजकूर व्हॉट्सॲपवर घेऊन आला. शेवटची ओळ होती, ‘भावा, पार्टी पाहिजे म्हणजे पाहिजे 😁’. मी मजकूर उचलून डिझाइनमध्ये टाकला आणि प्रूफ दाखवलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

‘काका, हा हसत नाही ओ. हा दात-ओठ खायलाय.’

खरंच तसं दिसत होतं. रंग गायब, नुसती काळी रेघ आणि मधोमध दातांची चौकट. पार्टी मागणारा मित्र कुठला, उधारी वसूल करायला आलेला माणूस वाटत होता. ‘मी तर हसणारा धाडलो होतो,’ तो म्हणाला आणि पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला. त्याच्या मोबाइलवर तोंडभर हसू होतं. तो खोटं बोलत नव्हता आणि माझ्या संगणकानंही काही बदललं नव्हतं. इकडून तिकडे जे गेलं ते जसंच्या तसं पोचलं होतं. फक्त जे गेलं ते चित्र नव्हतंच.

मोबाइलवर तुम्ही 😁 दाबता तेव्हा समोरच्याला एक क्रमांक जातो: U+1F601. जगातली बहुतेक लिपीचिन्हं, आपली देवनागरी धरून, युनिकोड नावाच्या एका सामाईक यादीत आहेत आणि प्रत्येकाला असा क्रमांक आहे. आपल्या ‘ल’चा क्रमांक U+0932. समोरच्या फोनला क्रमांक मिळतो, तो आपल्या फाँटमध्ये त्या क्रमांकाचं चित्र शोधतो आणि ते काढून दाखवतो. चित्र तुमच्या फोनमधून येत नाही, ते बघणाऱ्याच्या फोनमधलं असतं.

हे मराठी माणसाला समजावायला ‘ल’सारखं उदाहरण नाही. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकातला ल म्हणजे दोन वाट्या शेजारी शेजारी टांगल्यासारखा, मध्ये आखूड दांडी. हिंदी वळणाचा ल वेगळा, त्याला उजवीकडे सरळ काना. बऱ्याच मोबाइलवर मराठी लिहिलं तरी हिंदी वळणाचाच ल उमटतो. जुने गुरुजी पत्रिकेच्या प्रुफावर हमखास गोल करून देतात, ‘हा ल आपला नव्हे.’ क्रमांक मात्र दोन्हींचा एकच. फाँट बदलला की ल बदलतो, पण ‘लग्न’ म्हणजे लग्नच राहतं, कारण अक्षराचा अर्थ त्याच्या वळणात नसतो. इमोजीचं दुखणं नेमकं इथेच आहे. तिथे वळण हाच अर्थ. ओठाचा कोपरा जरासा वर गेला की हसू, आडवा राहिला की अवघडलेपण.

युनिकोडच्या आधी काय हाल होते हे डीटीपीवाल्यांना सांगायला नको. जुन्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत, आणि कुठला आकार कुठल्या जागी हे प्रत्येक फाँटवाल्याचं वेगळं. निपाणीच्या प्रेसमधून फाइल यायची आणि आमच्याकडे तो फाँट नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. जपानमध्ये इमोजीची हीच गत होती. तिथल्या एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी 1999 साली 176 चित्रांचा संच केला, प्रत्येक चित्र 12 बाय 12 ठिपक्यांचं. दुसऱ्या मोबाइल कंपन्यांचे संच वेगळे आणि क्रमांकही वेगळे. शेवटी 2010 मध्ये युनिकोडच्या 6.0 आवृत्तीत शेकडो इमोजी घेतले गेले आणि सगळ्यांचे क्रमांक एक झाले.

क्रमांक एक झाले, चित्रं मात्र झाली नाहीत. युनिकोड क्रमांक देतं, नाव देतं आणि ओळखीपुरता एक काळा-पांढरा नमुना देतं. त्यावरून चित्र कसं काढायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ॲपलनं काढलेल्या चित्रांवर ॲपलचा हक्क, म्हणून ती दुसऱ्यानं उचलून चालत नाही. मग गूगलची वेगळी, सॅमसंगची वेगळी, मायक्रोसॉफ्टची वेगळी. अँड्रॉइडचे बरेच फोन गूगलचीच चित्रं वापरतात, सॅमसंगचा मात्र संच स्वतःचा. एकाच लग्नाचा मजकूर चार चित्रकारांना दिला तर चार वेगळे गणपती निघतील, त्यातला प्रकार.

आता त्या 😁 कडे वळू, कारण ह्या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण नेमकं ह्याच चेहऱ्याचं आहे. युनिकोडमधल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘हसऱ्या डोळ्यांचा, दात दाखवून हसणारा चेहरा’. त्यात डोळे आले, दात आले. पण दात कसे दाखवायचे हे नावात नाही. गूगल, सॅमसंग वगैरेंनी तोंड अर्ध्या चंद्रासारखं काढलं, कोपरे वर. ॲपलच्या त्या काळच्या चित्रात डोळे मिटलेले होते खरे, पण तोंड जवळजवळ आडवं आणि दोन्ही दातांच्या रांगा एकमेकींवर दाबलेल्या. आरशासमोर करून बघा. डोळे बारीक करून दात दाबले आणि ओठांचे कोपरे वर नेले नाहीत, तर ते हसू होत नाही. कळ सोसताना किंवा राग गिळताना होतो तसा चेहरा होतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये हे मोजलं. पाच कंपन्यांची चित्रं घेतली, लोकांना दाखवली आणि उणे 5 ते अधिक 5 अशा मापावर भावना किती वाईट, किती चांगली ते विचारलं. ह्या एका क्रमांकाला दुसऱ्या कंपन्यांच्या चित्रांत लोकांनी अधिक 4 च्या आसपास गुण दिले, म्हणजे आनंदीआनंद. ॲपलच्या चित्राला मिळाले शून्याच्याही खाली, उणे 1 च्या जवळपास. मापाची सगळी मिळून दहा घरं, त्यातल्या पाचाएवढं अंतर, आणि क्रमांक एकच. पाठवणाऱ्यानं ‘मजा आली’ म्हटलं आणि वाचणाऱ्यानं ‘बघून घेतो’ वाचलं, इतका फरक.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. एकाच कंपनीचं, अगदी तेच चित्र दोन माणसांना दाखवलं, तरी साधारण चौथाई वेळा त्यांचं एकमत होत नव्हतं. चांगलं, वाईट की मधलं, एवढ्यावरसुद्धा. म्हणजे सगळा दोष फोनच्या माथी मारता येत नाही. आमच्याकडे नाही का, एखादी मावशी ‘या हं’ म्हणाली तर ते आमंत्रण की निरोप ह्यावर घरात दोन तट पडतात? फोन बदलला की ह्या मूळच्या गोंधळात आणखी एका गोंधळाची भर पडते, एवढंच.

ॲपलनं 2016 मध्येच आयओएस 10 बरोबर तो चेहरा बदलला, तोंडाचे कोपरे वर नेले. सॅमसंगची पाळी नंतर आली. 🙄 हा डोळे फिरवणारा चेहरा, ‘झालं ह्याचं सुरू’ म्हणणारा. सॅमसंगच्या जुन्या चित्रात तो वर बघत चक्क खुशीत हसत होता. समजा, तेव्हा चिकोडीच्या काकूंनी आपल्या सॅमसंगवरून साध्या मेसेजमध्ये भाचीला लिहिलं, ‘उद्या तुझे काका मुंबईहून येणार 🙄’. काकूंच्या मनात काका येणार म्हणून आनंद, वर बघून स्वप्न रंगवणारा चेहरा. भाचीच्या फोनवर मात्र काकूंनी डोळे फिरवले. आता भाची हसून गप्प बसेल की आईला सांगेल, ह्यावर घरातला आठवडा कसा जाणार ते ठरतं. 2018 मध्ये सॅमसंगनं आपले बरेच चेहरे सरळ केले, त्यात हाही झाला.

चेहऱ्यांचं झालं. पण सगळ्यात मोठी उडी मारली ती एका वस्तूनं, आणि ते प्रकरण आमच्या शहापूरच्या रंगपंचमीत अगदी चपखल बसतं. 🔫, क्रमांक U+1F52B, नाव ‘पिस्तूल’. सुरुवातीला बहुतेकांकडे ते खरंखुरं रिव्हॉल्व्हर होतं. 2016 मध्ये ॲपलनं त्याच्या जागी हिरवं खेळण्यातलं पिस्तूल आणलं, पाणी उडवायचं. दुसरे तेव्हा बदलले नाहीत. मायक्रोसॉफ्टचं तर आधी खेळण्यातलं होतं, त्यांनी त्याच वर्षी उलट खरं रिव्हॉल्व्हर केलं. जणू दोघं जिन्यात भेटले आणि एकाच बाजूला सरकत राहिले.

आता हिशेब मांडा. मार्च 2017, रंगपंचमीची आदली रात्र. पुण्याहून आलेल्या एका पोराच्या खिशात आयफोन आहे. तो वडगावच्या मित्राला साध्या एसएमएसनं लिहितो, ‘उद्या सकाळी घरातच थांब, सोडत नाही तुला 🔫’. त्याला स्क्रीनवर दिसते हिरवी पिचकारी. म्हणजे ह्या वाक्याला अर्थ काय, तर रंग लावायला येतोय. मित्राच्या अँड्रॉइड फोनवर तेच वाक्य येतं, एकही अक्षर बदलत नाही, आणि शेवटी असतं रिव्हॉल्व्हर. मित्र जवळचा असला तर हसेल. पण मध्यंतरी उसन्या पैशावरून दोघांचं थोडं वाजलेलं असलं तर? ‘सोडत नाही तुला’ हे मराठीत तसंही दोन धारांचं वाक्य. त्यातली कुठली धार वाचायची हे शेवटचं चित्र सांगत होतं, आणि ते चित्र दोघांकडे वेगळं होतं. 2018 मध्ये गूगल, सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर सगळ्यांनी पाण्याचं पिस्तूल स्वीकारलं आणि भानगड मिटली. मग 2024 मध्ये, तोवर एक्स झालेल्या ट्विटरनं आपल्या चित्रात परत खरं पिस्तूल आणलं. मिटली म्हणायची सोय राहिली नाही.

ह्यातून एक विचित्र गोष्ट होते, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेसेजमध्ये क्रमांकच साठवलेला असल्यामुळे फाँट बदलला की जुने मेसेजही बदलतात. त्या वडगावच्या मित्रानं तो एसएमएस जपून ठेवला असेल आणि आज नव्या फोनवर उघडला, तर त्याला पिचकारी दिसेल. 2017 च्या त्या रात्री त्याला नेमकं काय दिसलं होतं ते आता फक्त तेव्हा काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सापडेल, कारण स्क्रीनशॉट हे खरं चित्र असतं. भांडण जुनं असेल आणि पुरावा म्हणून कुणी फोन पुढे केला, तर हे ध्यानात ठेवलेलं बरं.

कुणी म्हणेल, आम्ही तर व्हॉट्सॲपच वापरतो, आम्हाला कधी फरक जाणवला नाही. बरोबर आहे. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवर स्वतःचा इमोजी-संच आहे, 2017 पासून, आणि तो ॲपलच्या वळणाच्या बराच जवळ जातो. त्यामुळे गप्पांच्या खिडकीत गूगलवाला, सॅमसंगवाला सगळ्यांना एकच चित्र दिसतं. आयफोनवर ॲपलचं दिसतं, पण ते जवळचंच. आपल्या घराघरातले गैरसमज त्यामुळे बरेच वाचले असणार. पण ही चादर सगळीकडे पुरत नाही. मेसेज आला की वरून जी पट्टी खाली येते, ती व्हॉट्सॲप काढत नाही, फोन काढतो, आपल्या फाँटमधून. सॅमसंगवाल्यांनी आज एकदा बघावं: वरच्या पट्टीतला चेहरा आणि मेसेज उघडल्यावरचा चेहरा शेजारी धरले तर डोळ्यांत, गालांत, तोंडाच्या वळणात फरक दिसतो. कीबोर्डमधून इमोजी निवडतानाही फोनचंच चित्र दिसतं आणि लिहायच्या चौकटीत व्हॉट्सॲपचं उमटतं. म्हणजे ज्या हसण्यावर भाळून आपण बोट ठेवलं, ते हसू आपल्याच फोनवर दोन सेकंदात बदललेलं असतं.

एसएमएस, ईमेल आणि बऱ्याच वेबसाइटी इथे अशी चादर नाही. तिथे ज्याचा त्याचा फाँट. मिनेसोटाच्याच संशोधकांनी पुढे 2018 मध्ये ट्विटर वापरणाऱ्या 710 जणांना विचारलं, तर निदान चौथाई लोकांना इमोजी फोनागणिक बदलतात हेच माहीत नव्हतं. त्यांच्याच ट्वीटमधला इमोजी दुसऱ्यांना कसा दिसतो ते दाखवल्यावर पाचातला एक जण म्हणाला, हे आधी कळलं असतं तर बदललं असतं किंवा पाठवलंच नसतं.

जुन्या फोनची गोष्ट आणखी वेगळी. तिथे चित्र बदलत नाही, फुटतं. आपल्या ‘दर्‍या’मधला तो चंद्रकोरीसारखा र आठवा. तो उमटवायची एक पद्धत म्हणजे र, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग य. तेच जोडचिन्ह, अगदी त्याच क्रमांकाचं, इमोजीत कामाला लावलंय. शेतकरीण अशी बनते:

```
👩  U+1F469
    U+200D  (न दिसणारं जोडचिन्ह)
🌾  U+1F33E
```

नवा फोन तिघांना जोडून 👩‍🌾 दाखवतो. ज्या फोनच्या फाँटला ही जोडी माहीत नाही तो सुटे भाग दाखवतो: एक बाई आणि शेजारी धान्याची लोंबी. अर्थ कळतो तरी. पण एखादा नवा इमोजी, ज्याचा क्रमांकच जुन्या फाँटमध्ये नाही, त्याच्या जागी रिकामी चौकट येते. गावाकडच्या आजोबांच्या सहा-सात वर्षं जुन्या फोनवर नातवाचा लाडिक मेसेज अशा चौकटींनी भरलेला असू शकतो. आजोबा त्याला ‘खिडक्या’ म्हणतात.

आता परत माझ्या प्रुफाकडे. तिथे रंग का गेला आणि दात का उरले? संगणकाच्या इमोजी-फाँटमध्ये प्रत्येक क्रमांकासाठी एक साधी काळी रेघाकृती असू शकते आणि तिच्यासोबत रंगाचे थर वेगळे दिलेले असतात. ब्राउझरला ते थर वाचता येतात. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरला येत नाहीत, मग ते नुसती रेघाकृती उचलतं. रंग गेला की गालांची गोलाई जाते, डोळ्यांतलं हसू बारीक होतं आणि काळ्या रेघेत सगळ्यात ठळक काय दिसतं, तर दातांची चौकट. सात इंची मोबाइलवर चाललं असतं, दहा फुटी फ्लेक्सवर चौकात टांगलं की येणारा-जाणारा दचकला असता.

त्यामुळे आता माझ्याकडे एक शिरस्ता आहे. मजकुरात इमोजी आला की मी तो अक्षर म्हणून टाकतच नाही. गिऱ्हाइकाला विचारतो, तुमच्या फोनवर कसा दिसतो ते दाखवा. emojipedia.org वर तो इमोजी टाकला की ॲपल, गूगल, सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट सगळ्यांची चित्रं एका पानावर दिसतात, त्यातून त्याच्या मनातला भाव ओळखतो. मग गूगलच्या नोटो संचातलं चित्र बसवतो, कारण ते खुल्या परवान्यावर आहे. ॲपलचं चित्र उचलून छापत नाही, कितीही गोड असलं तरी.

त्या पोराला मी चार चेहरे काढून दाखवले. त्यानं ते शेजारी शेजारी बघितले, मोबाइलवरचा परत बघितला आणि मग विचारलं, ‘काका, मग मी गेल्या वर्षी तिला एसएमएस धाडलो होतो, त्यात तिच्याकडं काय दिसलं असंल?’

फोन कुठल्या कंपनीचा होता तिचा, मी विचारलं. ते त्याला आठवेना. फ्लेक्सवर मात्र त्यानं चेहरा नकोच म्हणून सांगितलं. ‘पार्टी पाहिजे’ एवढंच ठेवा म्हणाला, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं.